ऑनलाइन सुनावणी: तीस मिनिटांत प्राप्तिकर खात्याला काय सांगाल?

प्राप्तिकराच्या फेसलेस छाननीत अधिकारी तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही त्याला ओळखत नाही. तो गुवाहाटीत बसलेला असू शकतो किंवा कोइम्बतूरला. सगळा पत्रव्यवहार पोर्टलवर होतो, आणि तोंडाने काही सांगण्याची संधी एकदाच मिळते, तीही शेवटी, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने. ती मागितली तरच मिळते.

तुमच्या विवरणपत्रातल्या आकड्यांत वाढ करायचे ठरले की आधी कारणे दाखवा नोटीस येते. कलम १४४ बी प्रमाणे त्या टप्प्यावर तुम्ही वैयक्तिक सुनावणी मागू शकता. उत्तराला मुदत साधारण आठवडाभराची असते. वर्षअखेर जवळ आली असेल तर त्याहूनही कमी मिळते, कारण खात्यालाही घड्याळ आहे: करनिर्धारण वर्ष २०२५-२६ ची छाननी ३१ मार्च २०२७ पर्यंत संपवायची आहे. म्हणून कागद गोळा करायला ही नोटीस येण्याची वाट पाहू नका. त्याआधी कलम १४२(१) ची प्रश्नावली येते, तेव्हाच लागा.

सर्वांत आधी, आजच, एक गोष्ट तपासा. पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे? विवरणपत्र भरून देणाऱ्याने स्वतःचा टाकून ठेवलेला असतो आणि नोटिसा त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. तो बदला, पासवर्डही बदला. नोटीस खरी आहे का, हे लॉगिन न करताही पोर्टलवर नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक टाकून पाहता येते, फुकट.

आता एक प्रकरण घेऊ. समजा, तुम्ही तासगाव तालुक्यात राहता. पगार ६ लाख ८० हजार, शिवाय दोन एकर हळद. विवरणपत्रात शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाख दाखवले. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये तुमच्या बचत खात्यांत एकूण १२ लाख ४० हजार रोख भरली गेली. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते, त्यामुळे प्रकरण छाननीत आले. नोटीस म्हणते: ही सगळी रक्कम कलम ६९ ए खाली बेहिशेबी धरायची. त्यावर कलम ११५ बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, कराच्या २५ टक्के अधिभार आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ७८ टक्के. रुपयांत ९ लाख ६७ हजार २००. व्याज आणि दंड वेगळे.

पहिले काम: १२ लाख ४० हजारांचे तुकडे पाडा. हळदीच्या चार अडत पट्ट्या, प्रत्येकी १० क्विंटल, १६ हजार भावाने १ लाख ६० हजारांच्या: मिळून ६ लाख ४० हजार. घराच्या स्लॅबसाठी ९ मेला बँकेतून काढलेले साडेतीन लाख, ठेकेदार पावसाआधी आला नाही म्हणून २२ जुलैला परत भरले. पत्नीबरोबरच्या संयुक्त खात्यात तिने शिवणकामाचे भरलेले १ लाख ६० हजार, जे तिच्या स्वतःच्या विवरणपत्रात आहेत. उरले ९० हजार. त्यांचा कागद नाही.

दुसरे काम म्हणजे रोख तक्ता, आणि सुनावणी जिंकायची असेल तर ती यानेच जिंकता येते. साधी एक्सेल पुरे. रकाने पाच: तारीख, हातात आलेली रोख, घरखर्च, बँकेत भरलेली रोख, हातात शिल्लक. वर्ष तारखेप्रमाणे खाली उतरवत जा. शिल्लक कुठेही शून्याखाली जाता कामा नये. २० एप्रिलला तीन लाख भरले आणि दोन पट्ट्यांचे पैसे २८ एप्रिलला मिळाले असतील, तर त्या तीन लाखांना त्या पट्ट्या आधार देत नाहीत. हे अधिकाऱ्याने शोधण्याआधी तुम्हाला दिसले पाहिजे. घरखर्चाचा रकाना शून्य ठेवू नका. पगार बँकेत येतो आणि खर्च यूपीआयने होतो, असे असेल तर तसे लिहा आणि बँकेचे उतारे दाखवा. नाहीतर पहिला प्रश्न हाच येतो की वर्षभर खाल्लेत काय?

तिसरे काम, कागद. पट्ट्यांच्या प्रती, अडत्याचे नाव व बाजार समितीचा परवाना क्रमांक वाचता येईल अशा. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून, प्रत्येकी १५ रुपये. फुकट दिसणारा सातबारा फक्त पाहण्यापुरता आहे, तो जोडू नका. पीक पाहणीच्या रकान्यात त्या हंगामात हळदच आहे ना, हे नीट बघा. तिथे ऊस नोंदला असेल तर पट्ट्यांवर शंका येणारच. मग कारखान्याला ऊस गेला नाही याचा कागद किंवा बेण्याची, हळद शिजवणीची बिले जोडावी लागतात. बँकेचा पूर्ण वर्षाचा उतारा द्या, कापलेली पाने नकोत. संबंधित नोंदी पिवळ्या करा. ठेकेदाराचे कोटेशन, पत्नीचे विवरणपत्र आणि तिने साध्या कागदावर पॅन लिहून, सही करून दिलेले पत्र जोडा.

इथे मराठी माणसाची नेमकी अडचण येते. सातबारा मराठीत, पट्टी मराठीत, तीही अडत्याच्या अक्षरात. पलीकडच्या अधिकाऱ्याला ती वाचता येईलच असे नाही. प्रत्येक मराठी कागदाच्या आधी चार-पाच ओळींचा इंग्रजी गोषवारा लावा: हा कागद काय, कोणी दिला, तारीख, क्षेत्र किंवा वजन, रक्कम. हेक्टर-आर लिहिलेले क्षेत्र एकरातही द्या. भाषांतर करणारे पानामागे पैसे मागतील, पण पूर्ण भाषांतराची गरज बहुधा नसते. तुमचा किंवा सीएचा गोषवारा, खाली सही, पुरे.

सगळ्याचे एकच पेपर बुक करा. वर अनुक्रमणिका, खाली सलग पान क्रमांक. पोर्टलवर एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे, तेव्हा रंगीत स्कॅन टाळा आणि मुद्द्यानुसार फाइली करा. नावे साधी इंग्रजी अक्षरांत: 01_Cashflow, 02_Haldi_Patti. Pending Actions मधून e-Proceedings उघडा, नोटिशीवर उत्तर भरा, तिथेच सुनावणीचा पर्याय निवडा आणि उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदातही ही मागणी शब्दांत लिहा. पोचपावतीची पीडीएफ जपून ठेवा. मागूनही सुनावणी दिली नाही, तर पुढे आदेशाला आव्हान देताना हीच पावती कामाला येते. आधी लेखी उत्तर, मग सुनावणी, हा क्रम मोडू नका. उत्तर न देता 'समक्ष सांगतो' म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

सुनावणीत बोलायचे काय? वेळ साधारण ३० मिनिटांची, मागितल्यास वाढू शकते, पण वाढेल असे धरून जाऊ नका. मुद्दे चारच ठेवा आणि प्रत्येकाला पान क्रमांक जोडा. 'हळद, पाने ४ ते १९, ६ लाख ४० हजार, जमीन दोन एकर, विवरणपत्रातले ५ लाख हे खर्च वजा जाऊन.' 'परत भरलेली रोख, पान २३, काढल्याची व भरल्याची नोंद एकाच खात्यात.' 'पत्नीची रक्कम, तिने स्वतःच्या विवरणपत्रात दाखवली आहे, दुसऱ्यांदा माझ्याकडे धरू नये.' शेवटी ९० हजार. त्यावर कथा रचू नका. घरातली साठवण आहे, वेगळा कागद नाही, एवढेच सांगा आणि म्हणा की वाढ करायचीच झाली तर एवढ्याचीच करावी. त्यावरचा कर ७० हजार २०० होतो. ९ लाख ६७ हजारांपुढे हा आकडा मांडला की तुमची बाजू आपोआप मोजूनमापून मांडलेली वाटते.

आणि एक सापळा. कागद नसलेल्या रकमेला 'मेव्हण्याकडून हातउसने घेतले' असे उत्तर देण्याचा सल्ला चावडीवर सर्रास मिळतो. २० हजार किंवा त्याहून जास्त उसने रोख घेणे कलम २६९ एसएस मोडते आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच लागू शकतो. सवलती आहेत, पण तुम्ही पगारदार असाल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. रोख मिळाल्याचे सांगताना २ लाखांची मर्यादाही ध्यानात ठेवा: एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, तितकी किंवा जास्त रोख घेता येत नाही. आपल्या पट्ट्या १ लाख ६० हजारांच्या आहेत म्हणून चालतात. त्यातल्या दोन पट्ट्यांचे पैसे एकाच अडत्याने एकाच दिवशी रोख दिले असतील, तर बोलण्याआधी सीएला विचारा.

खर्चाचे बोलू. सुनावणीला शुल्क नाही. आधार ओटीपीने पडताळणी फुकट होते. साध्या पगारदाराला डिजिटल सिग्नेचर विकत घ्यायची गरज नाही, कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. सीएची फी ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: प्रश्नावलीचे उत्तर, कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर, व्हिडिओ सुनावणी, आणि आदेशातली चूक दुरुस्ती. यातली सुनावणी बहुधा 'वेगळी' निघते. १८ टक्के जीएसटी आत की वर, तेही विचारा. 'वरती बोलून मिटवतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अधिकारी कोण आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

त्या दिवशी पॅन कार्ड, छापील पेपर बुक आणि इयरफोन हाताशी ठेवा. बोलणे बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत होते. जमत नसेल तर अधिकृत प्रतिनिधी नेमा, पण तुम्हीही बसा, कारण शेत किती आणि पाणी कुठले हे सीएला सांगता येत नाही. लिंक तुटली तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि लगेच पोर्टलवर नवी वेळ मागा. सुनावणी झाल्यावर त्याच दिवशी, बोललेले मुद्दे आणि मागितलेला कागद एका पानाच्या टिपणासह अपलोड करा. तोंडी सांगितलेले आदेशात येईल याची खात्री नसते, फाइलवर असलेले नाकारता येत नाही.

उत्तरच दिले नाही, तर प्रत्येक चुकवलेल्या नोटिशीला १० हजारांचा दंड होऊ शकतो आणि अधिकारी उपलब्ध माहितीवर एकतर्फी आदेश करतो. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत फॉर्म ३५ भरून अपील करता येते. ठरवलेले उत्पन्न २ लाखांच्या वर असेल तर अपिलाचे शुल्क १,००० रुपये. पण वसुली थांबवायला साधारणपणे मागणीच्या २० टक्के आधी भरावे लागतात, म्हणजे वरच्या प्रकरणात १ लाख ९३ हजारांच्या पुढे.