वीज गेली की जनरेटर कुठे ठेवायचा : आळे परिसरातून ह्यूस्टनला येणाऱ्यांसाठी

आळे, राजुरी, बेल्हे भागातून येणाऱ्यांना वीज जाण्याचं नवल नाही. पण ह्यूस्टनला ती गेली की कधीकधी दिवसेंदिवस येत नाही. फेब्रुवारी २०२१ मधल्या हिमवादळात आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळानंतर लाखो घरं अंधारात होती, आणि दोन्ही वेळा कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. म्हणून इथे जुन्या झालेल्या कुटुंबांचं पहिलं सांगणं जनरेटरच्या जागेबद्दल आहे.

गावाकडे जनरेटर मांडवामागे किंवा विहिरीपाशी, उघड्यावर चालतो. इथली घरं एसीसाठी सगळीकडून बंद केलेली असतात, त्यामुळे आत शिरलेला वायू लवकर बाहेर पडत नाही. पावसामुळे किंवा चोरीच्या भीतीने लोक जनरेटर गॅरेजमध्ये ठेवतात आणि शटर उघडं आहे म्हणून निश्चिंत राहतात. तसं करू नका. घरात उघडणाऱ्या दाराच्या फटीतून वायू आत जातो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, मागच्या अंगणात ठेवा आणि धुराड्याचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला वळवा. शेजारच्यांच्या खिडक्यांपासूनही तेवढंच अंतर हवं. दोन घरांमधली अरुंद बोळ टाळा, तिथे धूर कोंडतो. २० फूट बाहेर आणि फ्रिजपर्यंत आणखी १५ ते २० फूट धरले तर २५ फुटी वायर अपुरी पडते, आणि मग मशीन भिंतीकडे सरकवलं जातं. बाहेर वापरायची ५० फुटी जाड वायर आधीच आणून ठेवा. पाऊस असेल तर चारी बाजूंनी उघडं छत वर धरा, ताडपत्रीने मशीन गुंडाळू नका.

रात्रभर चालवायची गरज नसते. दार उघडलं नाही तर फ्रिज सुमारे ४ तास थंड राहतो आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. दिवसा अधूनमधून चालवा, झोपण्याआधी बंद करा. पेट्रोल भरायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा अलार्म याला चालत नाही.

डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, पण ताप नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच होतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर हा वायूच समजा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर लावून पाहू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, आकडा ९८ दिसू शकतो. सगळ्यांना, झोपलेल्या मुलांनाही उठवून, बाहेर काढा आणि तिथून ९११ ला फोन करा. अग्निशमन दलाने हवा तपासून सांगेपर्यंत परत आत जाऊ नका.