अठरांतला एक

श्रावणात घरच्या नऊजणांना घेऊन मी सिल्लोडहून अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटला गेले होते. खाली वाघूर नदी, समोर घोड्याच्या नालेसारखी वळलेली लेण्यांची रांग आणि कड्याच्या अलीकडे सगळ्यांच्या मध्ये आई. मी मोबाइलचं बटण दाबून धरलं. असं चार वेळा केलं. घरी येऊन पाहिलं, तर त्या एकाच जागेचे सत्तरहून जास्त फोटो.

मोबाइल भरत आला होता, म्हणून त्याच रात्री निवडायला बसले. एका बर्स्टमध्ये अठरा फोटो होते. बोटाच्या पेराएवढ्या चौकोनांत सगळे सारखेच दिसत होते. ज्यात नऊही जण कॅमेऱ्याकडे बघत होते तो ठेवला, बाकीचे उडवले. जागा हवी होती, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. ती केली नसती, तर काही आठवडे तरी फोटो परत आणता आले असते.

दिवाळीच्या सुमारास आईच्या पंच्याहत्तरीसाठी तो फोटो बारा बाय अठरा इंचांत करायचं ठरलं. फ्रेम आधीच घेऊन ठेवली होती. स्टुडिओवाल्या दादांनी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि म्हणाले, "ताई, आजींचे डोळे बघा." पापण्या अर्ध्यावर होत्या. आई पेंगुळलेली दिसत होती. मागचे डोंगर मात्र रेखीव आले होते.

चूक कुठे झाली, ते नंतर उमगलं. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो इवलासा करून दाखवला की हललेल्या कडा आणि अर्धी मिटलेली पापणी त्यात जिरून जातात. मी फोटो निवडलाच नव्हता, त्याची सावली निवडली होती.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या उघडझापीची. किती फोटो काढले म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील, याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या स्वेनसन आणि बार्न्स या दोघांनी मांडला होता. २००६ साली त्यांना त्यासाठी गमतीशीर इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं आणि चांगला उजेड असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागायचं. म्हणजे आमच्या नऊजणांना तीन फोटो पुरते. मग अठरा असूनही का फसले? कारण तो हिशेब वेगवेगळ्या वेळी काढलेल्या फोटोंचा आहे. पापणी मिटून उघडायला साधारण पाव ते एक-तृतीयांश सेकंद लागतो. मोबाइल सेकंदाला दहा फोटो काढत असेल, तर एकाच उघडझापीत लागोपाठ तीनेक फोटो जातात. त्यामुळे बर्स्टमधले शेजारचे फोटो म्हणजे नवी संधी नव्हे. एक फसला असेल, तर त्याला लागून असलेला न बघता चार-पाच फोटो पुढे जा.

आता मी अशी निवडते. पहिल्या दिवशी फक्त उघड वाया गेलेले काढते, म्हणजे बोट आडवं आलेले किंवा सगळेच हललेले. बाकीच्यांना दोन-चार दिवस हात लावत नाही. मग आधी ठरवते, हा फोटो कुणाचा? आमचा आईचा होता. तिचे डोळे पडदाभर मोठे करून पापणी, बुबुळावरची चमक आणि कडा बघते. चमक ठिपक्यासारखी दिसली तर फोटो नेमका. ओघळलेली दिसली तर हललेला. त्यानंतर दोन-दोन फोटोंची गाठ घालते. जिंकेल तो ठेवायचा, त्याच्यासमोर पुढचा आणायचा. अठरा एकदम बघितले की शेवटी कंटाळाच निवड करतो.

आणि एकावर थांबत नाही, दोन ठेवते. एक सगळे नीट उभे असलेला, दुसरा काहीतरी घडत असलेला. हा दुसरा मी तेव्हा गमावला होता. त्या दिवशी गंमत म्हणून भावाला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. त्यात नातवाने टोपी उडवली आणि आई त्याच्याकडे बघून खळखळून हसतेय. कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाही, म्हणून मी तो बाद केला होता.

पण व्हॉट्सॲपवर उरलेली प्रत लांबीला जेमतेम सोळाशे पिक्सेल होती. अठरा इंचांत पसरली, तर इंचाला नव्वदही पडत नाहीत, चेहरे फाटतात. सहा इंचांत मात्र अडीचशेच्या वर पडतात. म्हणून तो चार बाय सहाचा करून घेतला. आईने तो देवघराशेजारी लावलाय. बारा बाय अठराची फ्रेम अजून माळ्यावर रिकामी आहे.