‘एल’ म्हणजे नेमके किती इंच?

मुलगी दिवसभर मोबाइलवर कुर्त्यांचे वर्णन लिहिते, याला नोकरी म्हणायचे का, असा प्रश्न पालकांना पडतो. शंका रास्त आहे. ऑनलाइन विक्रेत्यांकडे आणि त्यांचे काम घेणाऱ्या एजन्सींकडे मात्र या कामासाठी माणसे लागतात. कुठे त्या पदाला कॅटलॉग एक्झिक्युटिव्ह म्हणतात, कुठे कंटेंट रायटर. पदवी कोणत्या विषयाची आहे यापेक्षा उमेदवाराला मोजमाप घेता येते का, कापड ओळखता येते का आणि एक्सेलची शीट नीट भरता येते का, हे तिथे जास्त पाहिले जाते. बहुतेक लिस्टिंग इंग्रजीत असतात, त्यामुळे साधे, चुका नसलेले इंग्रजी हवेच.

हे काम कसे चालते ते एका सुती कुर्त्यावरून पाहू. विक्रेत्याने पाठवलेले शीर्षक असे: ‘ब्युटिफुल स्टायलिश लेटेस्ट पार्टी वेअर कुर्ती फॉर गर्ल्स’. यात एकही माहिती नाही. शोधणारी बाई ‘ब्युटिफुल’ टाइप करत नाही, ‘कॉटन कुर्ता ब्लू’ टाइप करते. शिवाय मोबाइलवर शीर्षकाचा पहिला भागच दिसतो. म्हणून कामाचे शब्द आधी यायला हवेत: ‘महिलांचा सुती कुर्ता, हातठशाची छपाई, सरळ कट, पाऊण बाही, इंडिगो निळा’. विशेषणे गेली, वस्तू राहिली.

खरी मेहनत साईजमध्ये आहे. ‘एल’ प्रत्येक शिलाईवाल्याचा वेगळा असतो. नुसते ‘छाती ४०’ लिहिले, तर ते कुर्त्याचे माप की अंगाचे, हे ग्राहकाला कसे कळणार? लिहिणाऱ्याने कुर्ता टेबलावर सपाट पसरायचा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावायची. २० इंच भरले, तर कुर्त्याचा घेर ४० इंच. हा कुर्ता थोडा सैल बसणारा असल्याने त्यात अंगाच्या मापापेक्षा दोन इंच जास्त ठेवलेले आहेत. तेव्हा वर्णनात दोन्ही आकडे द्यायचे: ‘कुर्त्याची छाती ४० इंच, अंगाचा घेर ३८ इंच असणाऱ्यांना बसेल.’ फोटोतल्या मॉडेलची उंची आणि तिने घातलेली साईजही लिहिली, तर लांबीचा अंदाज येतो.

पण धुतल्यावर काय? सुती कापड आटते. ते किती आटेल हे पुरवठादाराला विचारावे, पण एकदा स्वतः तपासलेले बरे. कापडावर ५० सेंटिमीटरची खूण करून ते धुवायचे, वाळवायचे, पुन्हा मोजायचे. ४८.५ सेंटिमीटर भरले म्हणजे तीन टक्के आटले. याच हिशेबाने ४४ इंच लांबीचा कुर्ता सव्वा इंचाहून थोडा जास्त आखूड होईल. हे वाक्य लिहायला विक्रेते कचरतात. वास्तविक ते लपवले की पहिल्या धुण्यानंतर एक स्टार मिळतो.

कापडाच्या रकान्यात ‘कॉटन ब्लेंड’ हा सर्वांत सोयीचा आणि सर्वांत निरुपयोगी शब्द. किती टक्के सूत? धागा जाळून थोडेफार कळते: सुताला जळक्या कागदासारखा वास येतो आणि भुसभुशीत राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मात्र रेयॉनही जवळपास सुतासारखेच जळते आणि मिश्रणाचे प्रमाण तर या चाचणीतून मुळीच कळत नाही. तिथे गिरणीचे बिल किंवा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. तो नसेल तर ‘१०० टक्के कॉटन’ लिहू नये. ‘शुद्ध रेशीम’चेही तेच, सिल्क मार्कचे लेबल असेल, तर ते लेबलच फोटोत दाखवावे.

धुण्याच्या सूचनाही अशाच तपासून लिहायच्या. ओले पांढरे फडके इंडिगोवर घासले आणि ते निळे झाले, तर ‘पहिल्या दोन-तीन वेळा थंड पाण्यात वेगळा धुवा, सावलीत उलटा वाळवा’ असे स्पष्ट सांगायचे. ‘रंग जाणार नाही’ हे वचन देण्यात अर्थ नाही.

खरे वर्णन लिहिण्याला कायद्याचाही आधार आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. परत आलेल्या मालासोबत ग्राहकाने दिलेले कारणही येते. ‘छातीत घट्ट’ असे कारण वारंवार येत असेल, तर मापाचा तक्ता पुन्हा तपासावा लागतो. चांगला लेखक ही कारणे दर आठवड्याला वाचतो.

ज्या मुलांना यात शिरायचे आहे, त्यांनी सर्टिफिकेटच्या मागे लागण्याआधी घरातलेच पाच कपडे घ्यावेत, टेप लावून मोजावेत आणि प्रत्येकाची पूर्ण लिस्टिंग लिहावी. मग ती ऑनलाइन कपडे घेणाऱ्या एखाद्या मावशीला किंवा आत्याला वाचायला द्यावी. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न वर्णनात भरून ती पाच पाने मुलाखतीला सोबत न्यावीत.