माळेतले काही रुपये मळकटच का राहिले?

प्रश्न : बाळाच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा काळा पडला होता. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायचा सोडा घालून गरम पाण्यात ठेवला, तर पाच मिनिटांत उजळला. मग त्याच पाण्यात आजेसासूबाईंची जुनी रुपयांची माळ टाकली. काही रुपये छान निघाले, काही पिवळट-मळकटच राहिले. चांदी खोटी आहे का? आणि इकडे चांदी इतक्या लवकर काळी का पडते? वीज केंद्राच्या धुरामुळे का? – एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : चांदी खोटी नसावी. नाणी पुसून त्यांच्यावरची साले वाचा, बहुतेक उलगडा तिथेच होईल. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी होती. युद्धकाळात चांदी महाग झाली आणि १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात बहुतांश तांबे, थोडे निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया तर निकेलचाच, त्यात चांदी नाहीच. माळ पिढ्यान्‌पिढ्या ओवत आणि वाढवत नेलेली असते, म्हणून एकाच दोऱ्यात या तिन्ही जाती शेजारी येतात.

तुमचा उपाय एकच गोष्ट करतो. चांदीवरचा काळा थर म्हणजे गंधकाशी जुळलेली चांदी, अर्थात सिल्व्हर सल्फाइड. अॅल्युमिनियमची गंधकाशी चांदीपेक्षा जास्त सलगी आहे. दोन्ही धातू गरम, सोडा घातलेल्या पाण्यात एकमेकांना टेकले की एक छोटा विद्युतघट तयार होतो, गंधक चांदीला सोडतो आणि चांदी पुन्हा चांदी होते. सोड्यामुळे पाण्यातून वीज वाहते आणि अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ पडदाही विरतो. तुमच्या चमच्याचे हेच झाले.

१९४२ च्या रुपयावरचे डाग मात्र बऱ्याच अंशी तांब्याचे असतात. त्यांच्यावर या पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय झिजलेल्या उंचवट्यांवर दिसणारा पिवळसर रंग मळाचा नाहीच, तो त्या मिश्र धातूचा स्वतःचा रंग आहे. घासून तो जाणार नाही, नाण्यावरचे अक्षर मात्र जाईल. घासणे थांबवा.

पद्धत बरोबर पाळायची तर अशी : भांडे काचेचे किंवा चिनीमातीचे घ्या, तळाला फॉइल अंथरा. चांदी आधी साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवा, कारण तेलाचा थर असेल तर पाणी धातूपर्यंत पोहोचतच नाही. एक लिटर उकळत्या पाण्याला चार मोठे चमचे सोडा पुरतो. पाणी फेसाळते, म्हणून भांडे मोठे घ्या. प्रत्येक वस्तू फॉइलला टेकलीच पाहिजे. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला आणि फॉइल काळवंडली, तर काम होते आहे. खिडकी उघडी ठेवा. दहा मिनिटांत वास नाही, फॉइलही तशीच, तर ते काळे सल्फाइड नाही : वस्तू गिलटाची असेल किंवा मळ दुसराच असेल. जास्त सोडा ओतून काही होणार नाही.

परत आलेली चांदी थोडी सच्छिद्र, मंद रंगाची असते, म्हणून मऊ सुती कापडाने हलकेच पुसावी लागते. थर जाड असेल तर पहिल्यासारखी चकाकी येत नाही.

माळेचा दोरा मात्र काढूनच नाणी धुवायला हवी होती. दोऱ्यात पाणी आणि सोडा मुरतो; आता माळ साध्या पाण्याने दोनदा खळबळून चांगली वाळवा.

तुमच्या भागात आणखी एक जपायची गोष्ट आहे. जुनी पोकळ कडी, तोडे, गोठ आतून लाखेने भरलेले असतात. उकळत्या पाण्यात लाख मऊ होऊन सांध्यातून बाहेर येते, आणि कडे एकदा पोकळ झाले की हलक्या दाबानेही चेपते. हातात घेऊन आकाराच्या मानाने हलके वाटले तर त्याला गरम पाणी दाखवू नका. रिठ्याच्या कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसा. मोती, पोवळी आणि चिकटवलेले खडे यांनाही हाच नियम. कोरीव कामाच्या खाचा कारागिराने मुद्दाम काळ्या केल्या असतील, तर हे पाणी तोही काळेपणा नेते आणि नक्षी सपाट दिसू लागते.

आता धुराचे. विजेसाठी कोळसा जाळल्यावर निघणारा गंधक बहुतांश सल्फर डायऑक्साइडच्या रूपात असतो आणि तो चांदीला फारसे काळवंडत नाही. काळवंडतो तो हायड्रोजन सल्फाइड, अगदी थोडा असला तरी. तो तुंबलेल्या गटारातून येतो, आणि बांबू-लाकडाचा लगदा गंधकाच्या रसायनांत शिजवला जातो तिथूनही येतो. घरातली कारणे आणखी जवळची : अंडे खाल्लेला न धुतलेला चमचा, दागिन्याला गुंडाळलेले रबर, लोकरी कापड. पावसाळ्यात ओलाव्यामुळे हे सगळे वेगाने होते. माळ पूर्ण कोरडी करून मलमलीत गुंडाळा, हवाबंद डब्यात खडूच्या दोन कांड्यांबरोबर ठेवा. खडू ओल शोषतो. खडू ओलसर वाटू लागले की उन्हात वाळवून परत ठेवायचे.