पातेल्याच्या बुडाला दुधाची पिशवी चिकटली

प्रश्न : तापलेलं स्टीलचं पातेलं ओट्यावर ठेवलं, खाली दुधाची रिकामी पिशवी होती. ती बुडाला वितळून बसली. तारेच्या घासणीने निघत नाही. काय करू?

उत्तर : ताई, घासणी आधी बाजूला ठेवा. ती प्लास्टिक काढत नाही, स्टीलवर ओरखडे मात्र पाडते. आणि ते पातेलं तसंच गॅसवर चढवू नका. प्लास्टिक जळून धूर होईल आणि वितळलेले थेंब बर्नरच्या भोकांत जातील.

पातेलं पूर्ण गार होऊ द्या. मग उपडं घालून डागावर पिशवीत बांधलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. गारव्याने प्लास्टिक स्टीलपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे कडा सुटतात. कड किंचित उचललेली दिसली की तिथून लाकडी उलथनं आडवं सरकवा. जाड थर पापुद्र्यासारखा निघतो.

राहिलेल्या पातळ थरासाठी उलट उपाय. पातेलं सरळ ठेवून त्यात उकळतं पाणी ओता आणि दोन-तीन मिनिटं थांबा. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन उकळत्या पाण्याच्या उष्णतेने मऊ पडतं. पाणी ओतून टाका, हातमोजे घालून पातेलं लगेच उपडं करा आणि जाड कापडाने थर रेटून पुसा. शेवटी खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट चोळा.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. पॉलिथिन त्यात विरघळत नाही, आणि गॅसजवळ ते पेट घेतं.

बुडावरून बोट फिरवा. कुठेही मेणचट लागत नसेल, तरच पातेलं गॅसवर ठेवा.