पोस्टरसमोर थांबतं कोण?

समाजशास्त्राच्या परिषदेत पोस्टर लावायचं म्हटलं की आपण प्रोजेक्ट रिपोर्टच चार्टवर चिकटवून मोकळे होतो. चहाचा कप घेऊन जाणारा माणूस मात्र काही सेकंदच बघतो. तेवढ्यात त्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळायला हवं.

समजा, शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाई परिसरात, भीमेकाठच्या उसात, हंगामात आलेल्या २४ तोडणी कुटुंबांशी आपण बोललो. (आकडे उदाहरणासाठी घेतलेत.) प्रश्न असा : मोठी मुलं शाळेत का जात नाहीत? आपल्याला वाटलं होतं, शाळा लांब म्हणून. पण १५ कुटुंबांनी सांगितलं, धाकटं भावंड सांभाळायला. ५ जणांनी अंतर, ४ जणांनी इतर कारणं.

आता शीर्षक काय द्याल? 'ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या शालेय अनुपस्थितीचा समाजशास्त्रीय अभ्यास' वाचून कुणी थांबणार नाही. त्यापेक्षा सरळ लिहा : 'शाळा लांब म्हणून नाही, धाकट्याला सांभाळायचं म्हणून : २४ पैकी १५ पालकांचं उत्तर'. २०१९ मध्ये माइक मॉरिसन यांनी सुचवलेल्या पोस्टरमध्येही मुख्य निष्कर्षच मधोमध, मोठ्या अक्षरांत आणि साध्या भाषेत असतो. 'पालकांचं उत्तर' हे शब्द मात्र गाळू नका. आपण हजेरीपट पाहिलेला नाही, फक्त विचारलंय.

'६२.५ टक्के' असंही लिहू नका. एका कुटुंबाने उत्तर बदललं तर आकडा चार टक्क्यांनी हलतो, मग दशांश चिन्हाची ऐट कशाला? तीन आडव्या पट्ट्या काढा आणि प्रत्येकीवर आकडा लिहा. पाय चार्ट नकोच, त्यात ५ आणि ४ सारखेच दिसतात.

पद्धत चार ओळींत बसते : कुणाला विचारलं, कसं निवडलं, कधी, कुणी विचारलं. मुकादमाच्या ओळखीने कोप्यांवर गेलो असू तर तेही लिहायचं, कारण त्याच्यासमोर लोक वेगळं बोलतात. 'कोयता' म्हणजे तोडणी करणारी जोडी, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. अर्थ तिथेच द्या. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो लावू नका, आणि टोळीचं मूळ गावही छापू नका. तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

छपाईपूर्वी एक युक्ती. ए-शून्य पोस्टर ए-चारवर छापलं की लांबी-रुंदी बरोबर एक चतुर्थांश होते. २४ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं. कागद ४० सेंटिमीटरवर धरा. जे वाचता येत नाही, ते खऱ्या पोस्टरवर १६० सेंटिमीटरवरूनही वाचता येणार नाही. तोच कागद हॉस्टेलमधल्या मेकॅनिकलच्या एखाद्या पोराला दहा सेकंद दाखवा आणि काढून घ्या. 'काय सापडलं यांना?' असं विचारल्यावर तो 'ऊसतोडीबद्दल काहीतरी' म्हणाला, तर आधी शीर्षक बदला, मग रंगांकडे वळा.