गृहकर्जाचा दर: फिक्स घ्यावा की फ्लोटिंग?



रिझर्व्ह बँकेचा रेपो दर बदलणार अशी बातमी आली की घर बांधायला काढलेले सभासद आम्हाला विचारतात, "दर वाढला तर? आत्ताच फिक्स करून टाकू का?" उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. फिक्स म्हणजे ठरलेला दर, बाजारात काहीही झाले तरी हप्ता तोच. फ्लोटिंग म्हणजे भरती-ओहोटीसारखा वर-खाली होणारा दर. ऑक्टोबर 2019 पासून व्यावसायिक बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तरी दर नव्याने लागतो. सहकारी बँका आणि गृहकर्ज कंपन्यांची पद्धत वेगळी असू शकते, तिथे आधी विचारून घ्या.

आता उदाहरण. कर्ज 20 लाख, मुदत 20 वर्षे. समजा फ्लोटिंग 8 टक्क्यांनी मिळते आणि फिक्स 10 टक्क्यांनी. फ्लोटिंगचा हप्ता बसतो 16,729 रुपये, फिक्सचा 19,300. महिन्याला फरक 2,571 रुपयांचा.

फिक्सचा दर मुळातच जास्त का? दर वाढण्याची भीती आपल्याला आहे तशी बँकेलाही आहे. ती भीती बँक आधीच दरात धरून आपल्याकडून वसूल करते. म्हणजे फ्लोटिंगचा दर उद्याच्या उद्या 2 टक्क्यांनी वाढला तरी आपण फिक्सवाल्याच्या बरोबरीला येतो, पुढे जात नाही. तोवर दर महिन्याचे 2,571 रुपये आपल्याच खिशात. वर्षाला हे जवळजवळ 31 हजार होतात. 1 जून ते 31 जुलै बंदीत होड्या किनाऱ्याला असतात, पण हप्ता थांबत नाही. त्या दोन महिन्यांचे हप्ते होतात 33,458 रुपये. फरकाचे पैसे बाजूला टाकत गेलात तर बंदीतले हप्ते जवळपास त्यातूनच निघतील.

मग फ्लोटिंगला धोका नाहीच का? आहे, आणि तो लवकर दिसत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला. त्याआधी 7 टक्क्यांनी 20 लाख घेतलेल्याचा हप्ता होता 15,506. दर साडेनऊ झाल्यावर नुसते व्याजच महिन्याला सुमारे 15,800 होते! पहिल्या वर्षात मुद्दल फारसे फिटलेले नसतेच. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर व्याजसुद्धा पुरे फिटत नाही, मुद्दल कमी होणे दूरच. पुष्कळ ठिकाणी हप्ता न वाढवता मुदतच लांबवली गेली, आणि खात्यातून कापली जाणारी रक्कम तीच दिसल्यामुळे माणसाला पत्ताच लागला नाही.

म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारायचे, आणि मुदत अशी लांबवायची नाही की हप्त्यातून व्याजही निघू नये. तेव्हा दर बदलला की "किती हप्ते उरले?" हे विचाराच. हप्ते वाढलेले दिसले आणि जमत असेल, तर हप्ता वाढवून मागा.

फिक्स घेतानाही कागद नीट वाचा. पुष्कळदा फिक्स म्हणजे पहिली दोन-तीन वर्षेच फिक्स, पुढे फ्लोटिंग. कर्ज लवकर फेडले तर दंड आहे का, तेही बघा. घरासाठी घेतलेल्या बँकेच्या फ्लोटिंग कर्जावर असा दंड घेता येत नाही. हंगाम चांगला गेला, चार पैसे जादा आले, तर ते थेट मुद्दलात भरता येतात.

फिक्स चांगले ठरते ते दर मुळातच खाली असताना, दोन्हीतला फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असताना आणि दर पूर्ण मुदतीसाठी बांधून मिळत असेल तर. दर उतरणार असे वाटत असताना जास्त दराने बांधून घेण्यात नुकसानच.

उद्या दर कुठे जाईल हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून सही करण्याआधी एकच तपासा: आजच्या दरात 2 टक्के मिळवून येणारा हप्ता, बंदीचे महिने धरून, घराला झेपतो का? वरच्या उदाहरणात तो 19,300 येतो. झेपत असेल तर फ्लोटिंग घ्यायला हरकत नाही. झेपत नसेल तर फिक्सही झेपणार नाही, कारण त्याचा हप्ता पहिल्या महिन्यापासून तेवढाच आहे. अशा वेळी कर्जाची रक्कमच कमी करावी, एखादी खोली मागाहून बांधता येते.